दाराच्या मुठीवरचे दोन शब्द

सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास कुठल्याही हॉटेलच्या मजल्यावर एक ट्रॉली फिरायला लागते. वर घडी केलेल्या चादरी, टॉवेल, साबणाच्या वड्या, पाण्याच्या बाटल्या, खाली कचऱ्याची पिशवी. ट्रॉली ढकलणाऱ्या मावशींना किंवा रूम बॉयला दुपारपर्यंत डझनभर खोल्या उरकायच्या असतात. प्रत्येक दारापाशी त्यांना एकच गोष्ट ठरवायची असते, बेल वाजवायची की पुढच्या दाराकडे जायचं. हा निर्णय मुठीला लटकणारं एक कार्ड करून देतं. त्याच्या एका बाजूला ‘आत येऊ नका’ अशा अर्थाचा मजकूर असतो आणि दुसऱ्या बाजूला ‘खोली साफ करून द्या’ अशा अर्थाचा. हॉटेलवाल्यांच्या भाषेत पहिली बाजू ‘डीएनडी’, म्हणजे ‘डू नॉट डिस्टर्ब’, आणि दुसरी ‘मेक अप रूम’.

महाराष्ट्रातली अनेक हॉटेलं हे कार्ड इंग्रजीबरोबर मराठीतही छापतात. दुकानांच्या आणि हॉटेलांच्या पाट्या मराठीत हव्यात, मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हे 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यात 2022 साली झालेल्या दुरुस्तीमुळे सगळ्यांना माहीत झालं आहे. पण ते झालं बाहेरच्या नामफलकाबद्दल. आतल्या कार्डावर काय लिहायचं ते मालक, छापखाना आणि डिझाइन करणारा मुलगा मिळून ठरवतात. बहुतेक वेळा इंग्रजी कार्ड समोर ठेवून त्याखाली मराठी ओळ भरली जाते: ‘कृपया व्यत्यय आणू नका’ आणि ‘कृपया खोली साफ करा’. दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, सभ्य आहेत आणि या कार्डासाठी चुकीची आहेत. ती का चुकीची, हे समजून घ्यायचं तर आधी हे कार्ड कोण, कुठून आणि कसं वाचतं ते पाहायला हवं.

कार्डाला दोन वाचक असतात. पहिला वाचक म्हणजे खोलीतला पाहुणा. तो कार्ड हातात घेतो, जवळून वाचतो आणि बाहेर लावतो. तो कधी अर्धवट झोपेत असतो, कधी चष्म्याशिवाय, पण मजकूर त्याच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर असतो. दुसरा वाचक बाहेर, गॅलरीत असतो. त्याची अडचण वेगळी आहे. कार्ड दाराला चिकटून लटकतं आणि तो येतो दाराला समांतर चालत. त्यामुळे लांबून त्याला कार्ड तिरकं, जवळजवळ कडेनेच दिसतं. रंग कळतो, अक्षरं कळत नाहीत. अक्षरं दिसतात ती तो दारासमोर पोहोचतो तेव्हा, म्हणजे चार-पाच फुटांवर, आणि तोही चालता चालता एक नजर टाकणार. त्याला वाक्य वाचायचं नसतं. ‘हो’ की ‘नाही’ एवढंच त्याला ओळखायचं असतं.

आता त्या दोन मराठी वाक्यांकडे पुन्हा पाहा. दोन्हींची सुरुवात ‘कृपया’ने होते. नजर जिथे पहिल्यांदा पडते तिथेच दोन्ही बाजू सारख्या दिसतात. आणि नकार कुठे आहे? मराठी वाक्यात नकार शेवटी येतो. इंग्रजीत ‘डू नॉट’ म्हणताना नकार दुसऱ्याच शब्दाला येऊन जातो, मराठीत ‘आणू नका’मधला ‘नका’ वाक्याच्या टोकाला बसतो. काही ठिकाणी तर एका बाजूला ‘कृपया खोली साफ करा’ आणि दुसऱ्या बाजूला ‘कृपया खोली साफ करू नका’ असं छापलेलं असतं. तिथे सगळा फरक शेवटच्या दोन शब्दांत आहे. झोपेतल्या पाहुण्याने कार्ड उलटं लावलं तर नवल नाही, आणि घाईतल्या मावशींनी ते उलटं वाचलं तरी नवल नाही.

अशी चूक झाली आहे हे ओळखताही येतं. हाउसकीपिंगच्या माणसाकडे रोज एक कागद असतो. त्यावर प्रत्येक खोलीपुढे स्थिती आणि वेळ लिहिलेली असते: आवरली, रिकामी, पाहुणा आत, डीएनडी. समजा त्या कागदावर 10.40ला ‘डीएनडी’ लिहिलं आहे आणि संध्याकाळी पाहुणा रिसेप्शनवर येऊन म्हणतो, ‘मी साफ करायचं कार्ड लावून गेलो होतो, खोली तशीच आहे.’ अशा वेळी मॅनेजर सहसा कामगाराला बोलतो. पण कामगाराने वेळ टाकून नोंद केलेली असते, म्हणजे त्याने कार्ड पाहिलेलं असतं. महिन्याभरात अशा तक्रारी पुन्हा पुन्हा आल्या, त्याही वेगवेगळ्या कामगारांच्या पाळीत आल्या, तर दोष कार्डाचा आहे असं धरून चालावं. पाहुणा बाहेर जाताना डीएनडी काढायला विसरला, हा वेगळा प्रकार आहे आणि तोच सर्वांत जास्त घडतो. त्याकडे पुढे येऊ.

मग लिहायचं काय? इथे शब्दकोश उघडण्याऐवजी दारात उभं राहून ऐकावं. सकाळी बेल वाजते, मराठी पाहुणा दार बोटभर उघडतो आणि म्हणतो, ‘आत्ता नको दादा, नंतर या.’ कुणीही ‘व्यत्यय आणू नका’ म्हणत नाही. त्याच पाहुण्याला बाहेर पडताना गॅलरीत मावशी दिसल्या तर तो म्हणतो, ‘तेवढी खोली आवरून घ्या.’ दोन्ही वाक्यं सभ्य आहेत, रोजची आहेत, आणि त्यांतला गाभा चार-पाच अक्षरांचा आहे: ‘आत्ता नको’ आणि ‘खोली आवरा’.

‘आत्ता नको’ हे माझ्या मते या कार्डासाठी मराठीतलं सर्वांत चांगलं वाक्य आहे, आणि ते फक्त आखूड आहे म्हणून नव्हे. त्यात ‘आत्ता’ आहे, म्हणजे ही मनाई थोड्या वेळापुरती आहे हे आपोआप येतं. ‘व्यत्यय’ या शब्दात दोन जोडाक्षरं शेजारी-शेजारी येतात आणि लहान टाइपात, मंद दिव्यात त्यांचा गुंता होतो. ‘त्रास देऊ नका’ असंही काही कार्डांवर दिसतं. ते वाचणाऱ्याला उगाच दुखावणारं आहे. चादर बदलायला आलेली बाई त्रास द्यायला आलेली नसते. ‘आराम चालू आहे’ हे ऐकायला गोड आहे, पण आतला माणूस ऑनलाइन मीटिंगमध्ये असेल, बाळाला पाजत असेल, पूजेला बसला असेल. ‘आत्ता नको’ला कारण सांगावं लागत नाही.

‘कृपया’ काढला तर उद्धट वाटेल ना, असा प्रश्न मालक हमखास विचारतात. इंग्रजीत आज्ञार्थाला सौम्य करायला ‘प्लीज’ लागतो, कारण क्रियापद स्वतः काही बोलत नाही. मराठीत आदर क्रियापदातच असतो. ‘आवर’ आणि ‘आवरा’ यांतला फरक कुणाला समजवावा लागत नाही. जागा असेल तर ‘आवरून घ्या’ हे त्याहून मऊ आहे. ‘कृपया’ हा शब्द आपण सरकारी पाट्यांवर इतका वाचला आहे की त्यातली विनंती आता फारशी जाणवतही नाही, आणि कार्डाच्या रुंदीचा मात्र तो मोठा हिस्सा खातो.

किती खातो ते एक कार्ड मांडून पाहू. कोल्हापुरातलं तीस खोल्यांचं एक मध्यम हॉटेल धरा. पाहुण्यांमध्ये अंबाबाईच्या दर्शनाला आलेली कुटुंबं, फिरतीवरचे कंपनीवाले, पन्हाळा आणि ज्योतिबा करायला आलेले पर्यटक, सीमेपलीकडून आलेले कानडी भाविक. भल्या पहाटे दर्शनाला गेलेली मंडळी नऊच्या सुमारास परत येऊन आडवी होतात, नेमकी ट्रॉली निघण्याच्या वेळेला. म्हणजे या हॉटेलात डीएनडीची बाजू भरपूर वापरली जाणार.

कार्ड 90 मिलिमीटर रुंद आणि 230 मिलिमीटर उंच घेऊ. वरच्या बाजूला मुठीसाठी 40 मिलिमीटरचं भोक आणि कडेपासून त्यात जाणारी चीर. भोक आणि त्याभोवतीची जागा सोडली की खाली सुमारे 160 मिलिमीटर उंची उरते. रुंदीत दोन्हीकडे 8 मिलिमीटर समास सोडला तर 74 मिलिमीटर मिळतात. उंची भरपूर आहे, अडचण आहे रुंदीची. ‘कृपया व्यत्यय आणू नका’ एका ओळीत बसवायचं तर साध्या ठळक टाइपात 25 पॉइंटच्या पुढे जाता येत नाही. त्या मापात शिरोरेषेपासून तळापर्यंत अक्षराची उंची जेमतेम 5 मिलिमीटर भरते. ‘आत्ता नको’ मात्र त्याच रुंदीत 60 पॉइंटला बसतं आणि अक्षर 12 मिलिमीटर उंच होतं. ‘खोली आवरा’ 48 पॉइंटच्या आसपास बसतं, उंची 10 मिलिमीटर. बोर्ड बनवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: एक इंच उंचीचं अक्षर साधारण तीस फुटांवरून वाचता येतं. त्या हिशेबाने 5 मिलिमीटरचं अक्षर सहा फुटांपर्यंत साथ देतं, तेही प्रकाश चांगला असेल आणि डोळे धड असतील तर. 12 मिलिमीटरचं अक्षर चौदा फुटांपर्यंत. गॅलरीतल्या पिवळ्या मंद दिव्याखाली, चाळिशी लागलेल्या डोळ्यांना हा फरक फार मोठा आहे.

उंची शिल्लक आहे तर दोन ओळी का करू नयेत? जरूर कराव्या, पण तोडताना विचार करावा. ‘आत्ता’ वर लहान आणि ‘नको’ खाली त्याच्या दुप्पट मोठं, अशी मांडणी उत्तम होते. मग दारासमोरून जाणाऱ्याला ‘नको’ हा एकच शब्द दिसला तरी काम भागतं. दुसऱ्या बाजूला ‘खोली’ लहान आणि ‘आवरा’ मोठं. म्हणजे एका बाजूचा मोठा शब्द ‘नको’, दुसऱ्या बाजूचा ‘आवरा’. दोघांत एकही अक्षर सामाईक नाही. मी ज्याला चांगलं कार्ड म्हणेन त्याची पहिली कसोटी हीच.

आता इंग्रजी. तिथे नवं काही करायला जाऊ नये. ‘डू नॉट डिस्टर्ब’ हे जगभरच्या प्रवाशांच्या ओळखीचं आहे. इंग्रजी न येणारा माणूसही ते अक्षरांच्या आकारावरून ओळखतो. एका ओळीत ते मोठ्या अक्षरांत 23 पॉइंटच्या आसपास बसतं, पहिले दोन शब्द वर आणि तिसरा खाली घेतला तर 45च्या जवळ जाता येतं. ‘प्लीज मेक अप रूम’बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. तो हॉटेलवाल्यांचा आतला बोलण्याचा प्रकार आहे. आपल्याकडे इंग्रजी बेताचं असलेल्या पाहुण्याला ‘मेक अप’ म्हणजे तोंडाला लावायचा मेकअप एवढंच माहीत असतं. ‘क्लीन माय रूम’ किंवा नुसतं ‘क्लीन रूम’ सरळ आहे आणि ‘प्लीज’ काढल्यावर इंग्रजीतही दोन बाजूंची सुरुवात वेगळी होते.

दोन लिप्या शेजारी आल्या की एक फसगत होते. कॉम्प्युटरवर दोन्हींना 40 पॉइंट दिले की डिझाइन करणारा म्हणतो, ‘सारखंच माप आहे.’ पण इंग्रजीची मोठी अक्षरं त्या मापाचा जास्त भाग व्यापतात. देवनागरीला वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा राखावी लागते, म्हणून तिचं मूळ अक्षर त्याच मापात लहान पडतं. दोन्ही सारखी दिसायला हवी असतील तर मराठीचं माप सुमारे पाचव्या हिश्शाने वाढवावं आणि दोन मराठी ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावं. नाही तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. ‘आत्ता नको’मध्ये उकार नाही, वेलांटी नाही, हाही त्याचा एक छोटा फायदा.

छापखान्यात आणखी एक धोका असतो. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची सोय चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात, पाय मोडलेला ‘त्’ वेगळा दिसतो, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे येण्याऐवजी मागे जाते. तुमच्या कॉम्प्युटरवर नीट दिसणारी फाइल छापखान्याच्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरं बदलतात, कारण त्यांच्याकडे तो फॉन्ट नसतो. म्हणून छापखानेवाले ‘कर्व्ह करून पाठवा’ म्हणतात. अक्षरांचं चित्रात रूपांतर केलं की ती हलत नाहीत. तसं करण्याआधी मराठी वाचता येणाऱ्या माणसाने मजकूर एकदा वाचून घ्यावा, कारण नंतर चूक दुरुस्त करता येत नाही.

रंगाकडे वळू, कारण लांबून तोच दिसतो. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे या, ही खूण सगळ्यांना समजते. पण लाल आणि हिरवा यांत फरक न कळणारे पुरुष दर शंभरात काही तरी असतातच, आणि त्यांतल्या अनेकांना स्वतःलाही ते माहीत नसतं. शिवाय पिवळ्या दिव्याखाली गडद लाल आणि गडद हिरवा दोन्ही काळपट दिसतात. म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये, गडद आणि फिकट असा फरक करावा. आपल्या कोल्हापूरच्या कार्डाची ‘नको’ची बाजू गडद लाल, त्यावर पांढरी अक्षरं. ‘आवरा’ची बाजू फिकट पोपटी किंवा पांढरी, त्यावर गडद हिरवी अक्षरं. फोनवर कृष्णधवल फोटो काढून पाहिला तरी कुठली बाजू कुठली ते कळलं पाहिजे. लॅमिनेशन मॅट घ्यावं. चकचकीत लॅमिनेशनवर छताच्या दिव्याची तिरीप पडते आणि नेमकी मधली अक्षरं पुसल्यासारखी होतात.

मराठी न वाचता येणाऱ्या कामगारांचाही विचार करायला हवा. आज महाराष्ट्रातल्या हॉटेलांत झारखंड, ओडिशा, बंगाल, नेपाळ इथून आलेली मुलं मोठ्या संख्येने काम करतात. ‘नको’ हा शब्द इथे आठवडाभर राहिलेल्या कुणालाही समजतो. ‘आवरा’ मात्र कळेलच असं नाही. अशा हॉटेलात ‘खोली साफ करा’ घ्यावं, कारण ‘साफ’ हा शब्द हिंदीतही आहे. अर्थाच्या दृष्टीने ‘आवरा’ जास्त नेमका आहे. त्यात पलंग घालणं, टॉवेल बदलणं, कचरा काढणं हे सगळं येतं, ‘साफ करा’ म्हटलं की झाडू-पोछा डोळ्यांपुढे येतो. पण कार्ड ज्याने वाचायचं त्याला कळणं आधी. जोडीला चित्र घालावं: एका बाजूला थांबवणारा हाताचा पंजा, दुसऱ्या बाजूला झाडू. चंद्र आणि चांदण्या छापायची हौस अनेकांना असते. दुपारी बाराला दारावर चंद्र पाहून कुणाला काय कळायचं, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

एक चूक मात्र अजिबात करू नये. एका बाजूला सगळं मराठी आणि दुसऱ्या बाजूला सगळं इंग्रजी, असं कार्ड छापू नये. कार्डाची बाजू भाषेसाठी नसते, निरोपासाठी असते. प्रत्येक बाजूवर एकच निरोप दोन्ही भाषांत हवा. त्याच कारणाने दोन निरोपांची दोन वेगळी कार्डंही देऊ नयेत. दोन्ही एकदम मुठीला लटकलेली मी पाहिली आहेत. मोठ्या हॉटेलांत पलंगाशेजारी डीएनडीचं बटण असतं आणि दाराबाहेर लाल दिवा लागतो. तिथे एक दिवा लागला की दुसरा आपोआप विझावा अशी जोडणी केलेली असते. दोन बाजूंच्या एका कार्डात ही सोय फुकट मिळते: एक बाजू बाहेर आली की दुसरी झाकली जातेच.

आता तो विसरभोळा पाहुणा. रात्री कार्ड लावलं, सकाळी उठून फिरायला गेला, कार्ड तसंच राहिलं. मावशी दहाला आल्या, बाराला आल्या, दोनला आल्या, प्रत्येक वेळी ‘नको’. नीट चालणाऱ्या हॉटेलांत यासाठी ठरलेली पद्धत असते. कामगार दार वाजवत नाही, वेळ टाकून नोंद करतो. साधारण दुपारी दोननंतर सुपरवायझर किंवा रिसेप्शन खोलीत फोन करतं. फोन उचलला नाही तर मॅनेजर आणि सुरक्षारक्षक मिळून दार वाजवतात आणि उत्तर आलं नाही तर मास्टर किल्लीने उघडतात, कारण आत कुणी आजारी पडलेलं असू शकतं. कार्ड म्हणजे कुलूप नव्हे, हे पाहुण्याला आधी माहीत असायला हवं.

ही गोष्ट जगाला फार कडू अनुभवातून कळली. 1 ऑक्टोबर 2017ला अमेरिकेतल्या लास वेगासमध्ये मँडले बे या हॉटेलच्या बत्तिसाव्या मजल्यावरून एका माणसाने खालच्या संगीत महोत्सवातल्या गर्दीवर गोळीबार केला. त्याने आधीचे काही दिवस खोलीत शस्त्रं जमवली होती. त्यानंतर अनेक हॉटेल कंपन्यांनी डीएनडीचे नियम बदलले. किती तास कार्ड लटकत राहिलं की खोली पाहायची याच्या मर्यादा ठरल्या. फ्लोरिडामधल्या डिस्नेच्या काही हॉटेलांनी त्याच वर्षाच्या अखेरीस कार्डावरचे शब्दच बदलले. ‘डू नॉट डिस्टर्ब’ काढून ‘रूम ऑक्युपाइड’, म्हणजे ‘खोलीत माणसं आहेत’, असं लिहिलं आणि कार्ड असलं तरी कर्मचारी आत येऊ शकतात हे स्पष्ट केलं. पहिल्या शब्दांत मनाई आहे, दुसऱ्या शब्दांत फक्त माहिती. मनाई पाळली नाही तर पाहुण्याला फसवल्यासारखं वाटतं, माहितीत तसं वचन नसतं. ‘आत्ता नको’ या दोघांच्या मधे बसतं. ते मनाई करतं, पण नंतर कुणी तरी येणार आहे हेही मान्य करतं.

म्हणून कोल्हापूरच्या कार्डावर ‘नको’च्या बाजूला अगदी तळाशी, 14 पॉइंटात, पाहुण्यासाठी एक ओळ घालू: ‘बाहेर जाताना कार्ड काढा. दुपारी 2 नंतर आम्ही फोन करू.’ ती हातात घेऊन वाचायची आहे, लांबून नव्हे, म्हणून लहान चालते. इंग्रजीतही तीच ओळ तिच्याखाली. एवढ्यावर थांबावं. वायफायचा पासवर्ड, हॉटेलचं घोषवाक्य, नाश्त्याच्या वेळा या कार्डावर आल्या की ‘नको’ला आकसावं लागतं. हॉटेलचं नाव घालायचंच तर भोकाच्या वर किंवा तळाशी लहान असावं.

मोठी, विनम्र वाक्यं लिहायची इच्छा असेल तर त्यासाठी दुसरी जागा आहे. डीएनडी पाहून कामगार परतला की तो दाराखालून एक चिठ्ठी सरकवतो. ती पाहुणा निवांत वाचणार असतो, तिथे रुंदीची अडचण नाही. तिथे जरूर लिहा: ‘आपल्या दारावर कार्ड होतं म्हणून आम्ही आत आलो नाही. खोली आवरून हवी असल्यास कृपया रिसेप्शनला कळवा. टॉवेल आणि पाणी लगेच पाठवू.’ इथे ‘कृपया’ शोभतो.

मुठीचाही विचार करून ठेवा. जुन्या लॉजमध्ये दाराला गोल मूठ असते, ती 50 मिलिमीटरच्या पुढे जाड असते आणि 40 मिलिमीटरच्या भोकातून कार्ड फक्त चिरेमुळे आत सरकतं. चीर नसेल तर पाहुणा ते फाडून लावतो. नव्या कार्डकिल्लीच्या कुलपांना आडवं हँडल असतं. त्यावर मोठ्या भोकाचं पातळ कार्ड दार आपटलं की घसरून पडतं आणि डीएनडी जमिनीवर जातं. साध्या 300 जीएसएमच्या कागदापेक्षा पातळ पीव्हीसीचं कार्ड थोडं महाग पडतं, पण ते वजनाने जागेवर राहतं आणि ओल्या फडक्याने पुसताही येतं.

तीस खोल्यांसाठी सहसा शंभरेक कार्डं एकदम छापली जातात, कारण डाय कटिंगचा खर्च तेवढाच येतो. एकदा छापली की ती वर्षानुवर्षं लटकत राहतात. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी दोन नमुने घरच्या प्रिंटरवर काढा, जाड कागदाला चिकटवा, कापा आणि खऱ्या दाराला लावा. मालकाने किंवा मॅनेजरने मत देऊ नये. त्या मजल्यावर काम करणाऱ्या मावशींना आणि गेल्या आठवड्यात लागलेल्या नव्या मुलाला गॅलरीतून चालत यायला सांगा, दारासमोर न थांबता त्यांनी बोलायचं: करायची की नाही? मग कार्ड उलटं करा आणि पुन्हा चालवा. एकानेही अडखळून दुसऱ्यांदा पाहिलं तर छपाई थांबवा आणि शब्द बदला.